न उघडता येणारी वही

माझी आई विड्या वळते. सोलापूरच्या पूर्व भागात गल्लीगल्लीत हे काम चालतं. कारखान्यातून पान आणि तंबाखू किती मिळाली, विड्या किती जमा झाल्या, याची नोंद तिच्या पासबुकात होते. गेल्या पावसाळ्यात नोंद दोनशेने कमी पडली. आईने तिथेच पासबुक उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि आकडा दुरुस्त करून घेतला. आईची शाळा चौथीतच सुटली, पण तिला हे जमलं, कारण वही तिच्या हातात होती.

तिच्याच फोनमध्ये दुसरी एक वही आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याशेजारी बसून सेटिंग्ज उघडल्या. भक्तिगीतांच्या एका अ‍ॅपला तिचं लोकेशन, सगळे कॉन्टॅक्ट आणि मायक्रोफोन वापरायची परवानगी होती. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये महिनाभराचा प्रवास जपलेला होता. त्यात घर ते कारखाना होतं, मंगळवारी दवाखाना होता, आणि मध्ये सलग नऊ दिवस कुठेच जाणं नव्हतं. त्या नऊ दिवसांत काम बंद होतं. "हे कोणी लिहिलं?" तिने विचारलं. आमच्या घरात तेलुगू बोलतात, तिला मराठी सावकाश वाचता येतं, आणि परवानगीची पाटी इंग्रजीत होती. तिने 'Allow' दाबलं होतं, कारण त्याशिवाय गाणं लागत नव्हतं.

याला संमती म्हणायचं असेल, तर मग जबरदस्ती कशाला म्हणायचं?

अमेरिकन अभ्यासक शोशाना झुबॉफ यांनी लोकांच्या अशा नोंदींवर पैसे कमावण्याच्या व्यवहाराला निगराणी भांडवलशाही असं नाव रूढ केलं. त्यांच्या मांडणीनुसार 2000 च्या सुमारास इंटरनेट कंपन्यांच्या वाढलेल्या शेअरभावांचा, म्हणजे डॉट-कॉमचा फुगा फुटला आणि गुगलवर पैसे कमावण्याचा दबाव आला. तोवर आपण काय शोधलं, कुठे थांबलो, कशावर क्लिक केलं, या नोंदी सेवा सुधारायला वापरल्या जात. त्यातून उरलेल्या नोंदींवरून माणूस पुढे काय करील याचा अंदाज बांधता येतो, हे कंपनीच्या ध्यानात आलं. आमच्याकडे यंत्रमागाखाली पडलेलं सूतसुद्धा वेचून विकतात, पण ते सूत ज्याचं, पैसे त्यालाच मिळतात. इथे उरलेला माल आपला आणि विक्री दुसऱ्याची. या धंद्याचा आकार एका आकड्यावरून कळतो: 2023 मध्ये फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या उत्पन्नातला 97 टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींचा होता. जाहिरातदार तिथे पैसे मोजतो ते जाहिरात नेमक्या माणसापर्यंत, नेमक्या वेळी पोचावी म्हणून.

वर्गात एक मैत्रीण म्हणाली, "लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली?" आईकडेही लपवण्यासारखं काही नाही. पण ते नऊ दिवस संपता संपता तिच्या फोनवर झटपट कर्जाच्या जाहिराती येऊ लागल्या. त्यांचा आणि बंद कामाचा संबंध मला सिद्ध करता येत नाही. माझी तक्रार नेमकी इथेच आहे. कारखान्याच्या वहीतली चूक आई दाखवू शकली. या वहीत तिच्याबद्दल 'अडचणीत आहे' असं लिहिलंय की नाही, हे तिला विचारताही येत नाही. किराणा दुकानदारालाही आमची उधारी ठाऊक असते, हे खरं. पण आम्हीही त्याला ओळखतो, आणि त्याला वही काढायला सांगू शकतो.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. संमती मुक्त, विशिष्ट आणि समजून दिलेली हवी, असं तो सांगतो. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचता आली पाहिजे, असंही त्यात आहे. म्हणजे आईला ती तेलुगूतही मिळायला हवी. मला या कायद्यातलं हे सर्वांत मोलाचं कलम वाटतं आणि त्याची चर्चा सर्वांत कमी ऐकू येते. आपल्या डेटाचा सारांश मागण्याचा हक्कही कायदा देतो. पण त्या डेटावरून बांधलेला अंदाज या सारांशात यायलाच हवा, असं तो थेट शब्दांत म्हणत नाही. आणि विकला जातो तो अंदाजच.

म्हणून माझी मागणी परवानगीच्या पाटीपाशी थांबत नाही. कंपनीने माझ्याबद्दल काय अनुमान काढलं, ते कोणत्या जाहिरातीसाठी वापरलं, हे मला माझ्या भाषेत दिसलं पाहिजे आणि खोडता आलं पाहिजे. गाणं ऐकण्यासाठी कॉन्टॅक्ट मागणं सरळ बेकायदा मानलं पाहिजे. सेटिंग्ज बंद करा, हा सल्ला मीही आईला दिला आणि लोकेशन बंदही केलं. तीन दिवसांनी अ‍ॅप अपडेट झालं आणि तीच इंग्रजी पाटी पुन्हा आली. या वेळी आईने बटण दाबलं नाही. हातातलं सूप बाजूला ठेवून तिने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आधी वाचून दाखव."