विशेष सर्वसाधारण सभेची सूचना

देवगड किनारा फळप्रक्रिया लिमिटेड
नोंदणीकृत कार्यालय : देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग
दिनांक : १४ जुलै २०२५

सर्व भागधारकांस,

कंपनीच्या ४,२०,००० समभागांपैकी ४६,८३० समभाग, म्हणजे मताधिकार असलेल्या भरणा भागभांडवलाचा ११.१५ टक्के हिस्सा धारण करणाऱ्या आम्ही ३१ भागधारकांनी कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १०० अन्वये सभेचे मागणीपत्र २ जून २०२५ रोजी नोंदणीकृत कार्यालयात दिले. अधिनियमास किमान एक-दशांश हिस्सा पुरेसा आहे. संचालक मंडळाने २१ दिवसांत सभा बोलावण्याची कार्यवाही केली नाही. म्हणून मागणीपत्राच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत ही सभा आम्हीच बोलावत आहोत.

सभा बुधवार, २० ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी ११ वाजता नोंदणीकृत कार्यालयाच्या आवारात होईल व तीत पुढील ठराव विशेष ठराव म्हणून मांडला जाईल :

“कलम १४ अन्वये कंपनीच्या नियमावलीत अशी तरतूद समाविष्ट करण्यात यावी की, ५० लाख रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही स्थावर मालमत्ता सर्वसाधारण सभेच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता येणार नाही.”

ठरावामागील कारण : शीतगृहालगतची ६२ गुंठे जमीन विकण्याचा निर्णय मंडळाने मार्चमध्ये घेतला आणि भागधारकांना तो मोजणीचे दगड रोवले गेल्यावर कळला. मे महिन्यात आंब्याचे टेम्पो याच जागेत रांगेने उभे राहतात, क्रेट येथेच उतरतात आणि डाग पडलेले फळ येथेच वेगळे काढले जाते. ही जागा गेली तर माल रस्त्यावर उन्हात थांबेल. विक्री कधीच होऊ नये असे आमचे म्हणणे नाही. पण बागायतदारांनी वर्षानुवर्षे पै पै जमवून उभारलेल्या मालमत्तेबाबत त्यांना आधी विचारले जावे, एवढा त्यांचा हक्क निश्चितच आहे.

ठराव संमत होण्यासाठी बाजूने पडलेली मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. कंपनीचे ६१२ सभासद असल्याने गणपूर्तीस पाच सभासदांची प्रत्यक्ष उपस्थिती लागेल; ठरलेल्या वेळेपासून अर्ध्या तासात ती न झाल्यास, भागधारकांच्या मागणीवरून बोलावलेली असल्यामुळे, ही सभा पुढे ढकलली न जाता रद्द होईल. म्हणून दूरच्या वाडीवरील सभासदांनीही वेळेपूर्वी यावे, ही कळकळीची विनंती.

ज्यांना येणे शक्य नाही त्यांना आपल्या वतीने उपस्थित राहून मतदान करण्यासाठी प्रॉक्सी नेमता येईल. प्रॉक्सी स्वतः सभासद असण्याची आवश्यकता नाही. प्रॉक्सीचा अर्ज सभेपूर्वी किमान ४८ तास नोंदणीकृत कार्यालयात पोहोचला पाहिजे. प्रॉक्सीला सभेत बोलता येणार नाही, तसेच हात वर करून होणाऱ्या मतदानात भाग घेता येणार नाही. केवळ मतपत्रिकेद्वारे मतदान झाल्यास मत देता येईल.

मागणीदार भागधारकांच्या वतीने,
(सही)
अधिकृत मागणीदार, फोलिओ क्रमांक १७
देवगड