दफनभूमीच्या दारात: मानवी हक्क सार्वत्रिक की संस्कृतिसापेक्ष?

मॅडम आणि मित्रांनो,

गेल्या बुधवारी चर्चेचा सूर असा होता की मानवी हक्क हा पश्चिमेचा माल आणि तो आपल्या गळ्यात मारलेला. या आक्षेपात दम आहे. 10 डिसेंबर 1948 ला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे सदस्य अवघे 58. आफ्रिकेचा बहुतेक भाग पारतंत्र्यात. आदल्याच वर्षी अमेरिकी मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेनं लेखी शंका काढली होती, की एकट्या पश्चिमेच्या मूल्यांवर बेतलेला जाहीरनामा साऱ्या माणसांना कसा लागू पडेल?

पण ते मतदान जरा जवळून बघा. 48 बाजूनं, विरोधात कुणी नाही, 8 तटस्थ. तटस्थांत सौदी अरेबिया होता. धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य त्याला खटकलं. त्याच कलमाला पाकिस्तानच्या झफरुल्ला खानांनी पाठिंबा दिला, तोही कुराणाच्या आधारे. मग यातलं इस्लामी संस्कृतीचं मत कोणतं धरायचं? (वर्णभेदी दक्षिण आफ्रिकाही तटस्थच होती, हे जाता जाता.) आणि पहिल्या कलमातलं ‘ऑल मेन’ काढून ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ घालायला लावलं ते आपल्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी. माल पश्चिमेचा म्हणताना निदान ही दुरुस्ती तरी वजा करा.

आता मुंबईत येऊ. मुंबई सरकारनं 1949 मध्ये जमातीबाहेर काढण्याच्या प्रथेवर बंदी घातली. दाऊदी बोहरा या मुस्लिम जमातीच्या धर्मप्रमुखांनी, सय्यदनांनी, कायद्याला आव्हान दिलं. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं तो रद्द केला: धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणं हा पंथाच्या धर्मविषयक कारभाराचाच भाग, त्याला राज्यघटनेच्या कलम 26चं संरक्षण. एकटे सरन्यायाधीश सिन्हा वेगळे पडले. त्यांच्या मते बहिष्कृत माणूस अस्पृश्यासारखाच होतो.

बहिष्काराचा अर्थ रोजच्या जगण्यात काय? मशीद बंद, सोयरीक बंद आणि मेल्यावर जमातीच्या दफनभूमीत जागा नाही. ज्याला हे भोगावं लागतं तोही बोहराच असतो. आपली जमात त्याला हवीच असते, म्हणून तर तो कोर्टात जातो. हक्क संस्कृतीनुसार ठरतात म्हणणाऱ्या सापेक्षतावादाला हा माणूस दिसत नाही, अशी माझी मुख्य तक्रार आहे. संस्कृतीचा मान राखायचा म्हणताना तो प्रत्यक्षात गादीवर बसलेल्याचाच मान राखतो.

मात्र सार्वत्रिकतावाद्यांनीही हुरळून जाऊ नये. जातपंचायतींच्या जाचामुळे महाराष्ट्रानं 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. पण तक्रार देणाऱ्याला राहायचं असतं त्याच वस्तीत. तिथं त्याच्याशी कोण बोलेल, हे कलमात कसं लिहिणार?

बोहरांचा प्रश्न 2023 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. तेव्हा माझा सवाल तुम्हालाच: दफनभूमीतली साडेतीन हात जागा ही धार्मिक बाब की नागरी? आधी ‘धार्मिक’ म्हणणाऱ्यांनी बोलावं.