ओंकार आणि सायलीसाठी, पीस लिलीसोबतची चिठ्ठी

ओंकार, सायली,

नव्या घराचं खूप खूप अभिनंदन! वास्तुशांतीच्या गडबडीत तुम्हाला धड बोलायला वेळ मिळणार नाही हे मला माहितीये, म्हणून सगळं लिहूनच देतेय. चिठ्ठी फ्रिजवर लावा आणि निदान जून संपेपर्यंत तरी काढू नका.

झाड पीस लिलीचं आहे. तुमच्या हॉलची खिडकी पूर्वेला आणि बाल्कनी पश्चिमेला आहे ते बघूनच हे निवडलंय. मूळची ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पावसाळी जंगलातली, मोठ्या झाडांच्या सावलीत जमिनीलगत वाढणारी, आणि आपल्या अळूच्याच कुळातली. एवढं डोक्यात ठेवलंत तरी अर्धं काम झालं, कारण उजेड हवा पण ऊन नको, ओल हवी पण चिखल नको, हे सगळं त्या जंगलातूनच आलंय.

आधी जागा. हॉलच्या खिडकीपासून तीन-चार फूट आत, टीव्ही युनिटच्या बाजूचा कोपरा मी त्या दिवशी बघून ठेवलाय, तिथेच ठेवा. खिडकीला पातळ पडदा असू दे म्हणजे सकाळचं कोवळं ऊनही गाळून येईल. उजेड पुरतोय का बघायचं असेल तर दुपारी कुंडीवर हात धरा, सावली अंधुक, कडा पुसट दिसली म्हणजे बरोबर, सावली एकदम गडद आणि रेखीव पडली तर ऊन जास्त आहे, आणि सावलीच दिसली नाही तर अंधार आहे, तिथे झाड जगेल पण फुलणार नाही. बाल्कनीत मात्र अजिबात ठेवू नका, मे महिन्यातलं पुण्याचं पश्चिमेचं ऊन एका दुपारीत पानं भाजून काढतं, आणि भाजलेलं पान परत हिरवं होत नाही. एसीचा झोत थेट येईल अशी जागाही नको.

आता पाणी, आणि हे नीट वाचा, कारण घरातली झाडं जितकी पाणी न मिळाल्याने मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात. वार ठरवून पाणी घालू नका. बोट मातीत दोन पेरं घाला, वरची माती कोरडी लागली तरच घाला, आणि घालाल तेव्हा थोडं थोडं शिंपडू नका तर खालच्या भोकातून निथळेपर्यंत घाला. आतली प्लॅस्टिकची कुंडी पांढऱ्या कुंडीतून सहज बाहेर निघते, सिंकमध्ये नेऊन पाणी घाला, दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या आणि मगच परत ठेवा. पांढऱ्या कुंडीला खाली भोक नाहीये, तिच्यात साचलेलं पाणी राहिलं की मुळं कुजतात. आत्ताच्या उन्हाळ्यात साधारण तीन-चार दिवसांनी पाणी लागेल, पाऊस सुरू झाला की हवा दमट होते मग आठवडाभरही लागणार नाही. पण बोट घालून बघितल्याशिवाय माझ्या या अंदाजावरही विश्वास ठेवू नका.

या झाडाचा मोठा गुण म्हणजे तहान लागली की ते सांगतं, सगळी पानं एकदम खाली लोळतात, बघून वाटतं गेलंच आता. घाबरू नका, भरपूर पाणी द्या, संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत उभं राहतं. पण यात एक मेख आहे, पाणी जास्त झालं आणि मुळं कुजायला लागली तरी पानं तशीच लोळतात! म्हणून पानं पडलेली दिसली की आधी माती बघा. माती कोरडी, कुंडी उचलायला हलकी म्हणजे तहान. माती ओली, कुंडी जड आणि तरी पानं पडलेली असतील तर पाणी पूर्ण थांबवा आणि मला फोन करा, रात्री उशीर झाला असला तरी करा.

तुमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी येतं, ते जड असतं, त्याने पानांची टोकं तपकिरी होतात आणि मातीवर पांढरा थर धरतो. पावसाळ्यात बाल्कनीत बादली ठेवून पावसाचं पाणी साठवलंत तर सगळ्यात उत्तम. आरओच्या पाइपातून वाया जाणारं पाणी झाडाला घालू नका प्लीज, त्यात क्षार आणखी जास्त असतात. आणि पूजा झाल्यावर कोणीतरी हमखास पंचामृताचं भांडं किंवा दूध कुंडीत विसळतं, सायली, तेवढं तू लक्ष ठेव. चहाचा चोथाही नको, चिलटं होतात.

पहिल्या महिन्यात काय होईल ते आधीच सांगून ठेवते म्हणजे धास्तावायला नको. पहिल्या एक-दोन आठवड्यात खालची एखाद-दोन पानं पिवळी पडतील, जागा बदलली की हे होतंच, ती देठापासून कापून टाका. पण वरची, नवी पानं पिवळी पडायला लागली तर ते वेगळं, तेव्हा पाणी आणि उजेड दोन्ही तपासा. आत्ता जी पांढरी फुलं दिसतायत (खरं तर तो पांढरा भाग म्हणजे एक पानच, खरी फुलं मधल्या दांडीवर बारीक बारीक असतात) ती काही आठवड्यांत हिरवट होतील, मग वाळतील. वाळली की दांडी खालपासून कापा. त्यानंतर बरेच महिने नवीन फूल येणार नाही, आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नसेल. बऱ्याच नर्सरीत जिबरेलिक ॲसिड फवारून ही झाडं एकदम फुलवलेली असतात, घरी ती आपल्या गतीने फुलतात. महिन्याच्या शेवटी मधून गुंडाळी केलेलं एखादं नवं पान वर येताना दिसलं की समजा झाड रुळलं. तोवर खत नाही, कुंडी बदलणं नाही, आणि रोज जागा हलवणं तर नाहीच.

पानांवर धूळ बसेल, समोर बांधकाम चालू आहे, आठवड्याला ओल्या फडक्याने हलकेच पुसा. पुसताना देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो मिलीबग, लगेच फोटो पाठवा.

मनीबद्दल महत्त्वाचं. कच्च्या अळूने घसा खाजतो ना, त्याच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक याच्या पानांतही असतात. मांजरीने पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटीही होऊ शकते. म्हणून झाड स्टँडवर, तिची उडी पोचणार नाही असं ठेवा, आणि तरी चावलंच तर तोंड पाण्याने पुसून व्हेटला फोन करा. पाहुण्यांची लहान मुलं आली की तेव्हाही लक्ष असू द्या.

आणि हो, नव्या रंगाचा वास हे झाड शोषून घेईल असं कोणी सांगेल, तो समज 1989 च्या नासाच्या प्रयोगावरून आलाय, पण तो प्रयोग छोट्या बंद पेटीत झाला होता. हॉलएवढ्या जागेत एका कुंडीने फरक पडत नाही, खिडक्या उघड्या ठेवा.

पिशवीत छोटी कात्री ठेवलीये, ती झाडासाठीच आहे, स्वयंपाकघरात नेऊ नका. पाऊस सुरू झाला की मी येते, तेव्हा खत कधी आणि किती घालायचं ते सांगेन.

खूप प्रेम,
आत्या