कबड्डीचं मैदान : रेषा, क्षेत्रं आणि उभं राहायच्या जागा
(उन्हाळी सराव वर्ग, घणसोली. पहिल्या आठवड्याचं पान. वहीत चिकटवा, घडी घालू नका.)

मुलामुलींनो,

पहिले तीन दिवस मी तुम्हाला एकही पकड शिकवणार नाही, आणि त्यावरून कुरकुर होणार हे मला माहीत आहे. तळवली-गोठिवलीतून सकाळी साडेपाचला उठून येणाऱ्यांना खेळायचं असतं, टेप धरून उभं राहायचं नसतं. पण आधी मैदान आखायचं, मग त्यावर चालायचं आणि मग खेळायचं. आपले सामने बहुतेक वेळा ताकदीवर हरत नाहीत, चार-पाच सेंटीमीटरवर हरतात.

चित्रात अर्धंच मैदान काढलंय. दुसरा अर्धा भाग हुबेहूब असाच, फक्त उलटा. पान असं धरा की तुमची अंतिम रेषा तुमच्या पोटाकडे येईल. मग चित्रातला डावा तोच मैदानातला तुमचा डावा हात. चढाईपटूच्या बाजूने बघितलंत तर सगळं उलटं दिसेल आणि "डावा कोपरा" म्हटल्यावर दोघं एकाच जागेवर धावतील.

```
                    च
+---+-------------------------------+---+  मध्यरेषा
|   :                               :   |
|   :                               :   |
|   :                               :   |
|   :                               :   |
|   :                               :   |
|   :                               :   |
|   :-------------------------------:   |  निदान रेषा
|   :                               :   |
|   :- - - - - - - - - - - - - - - -:   |  बोनस रेषा
|   :  १                         ७  :   |
|   :       २               ६       :   |
|   :           ३   ४   ५           :   |
+---+-------------------------------+---+  अंतिम रेषा


    [===============================]      बसायची जागा
```

च : समोरचा चढाईपटू, अजून त्याच्याच अर्ध्यात
१ डावा कोपरा, २ डावा आतला, ३ डावा मध्यरक्षक, ४ मधला, ५ उजवा मध्यरक्षक, ६ उजवा आतला, ७ उजवा कोपरा
ठिपक्यांच्या उभ्या रेषेबाहेरची अरुंद पट्टी : राखीव क्षेत्र, म्हणजे लॉबी

मापं

कुमार मुलगे आणि पुरुष : मैदान १३ × १० मीटर. एका संघाचा अर्धा भाग ६.५० मीटर खोल. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटर, बोनस रेषा ४.७५ मीटर. बोनस रेषेपासून अंतिम रेषेपर्यंत उरतात १.७५ मीटर. लॉबी दोन्ही बाजूंना १ मीटर, म्हणून दोन लॉब्यांच्या मधली रुंदी ८ मीटर.

कुमारी मुली आणि महिला : मैदान १२ × ८ मीटर. अर्धा भाग ६ मीटर. निदान रेषा मध्यरेषेपासून ३ मीटर, बोनस रेषा ४ मीटर, तिथून अंतिम रेषेपर्यंत २ मीटर. लॉबी इथेही १ मीटर, मधली रुंदी ६ मीटर.

बाद झालेल्यांची बसायची जागा अंतिम रेषेच्या मागे २ मीटरवर. मुलग्यांची १ × ८, मुलींची १ × ६ मीटर. किशोर गटाचं मैदान आणखी लहान असतं, त्याचं पान छोट्यांना वेगळं देईन.

सगळ्या रेषा ३ ते ५ सेंटीमीटर जाड. बाहेरची रेषा मैदानाचाच भाग आहे. पाय रेषेवर पडला तर तुम्ही आत आहात. रेषेपलीकडच्या मातीला टाच लागली तर बाद.

मुलींच्या मापाकडे दोनदा बघा असं मी उगाच सांगत नाही. मागच्या मोसमात एका स्पर्धेत आपल्या मुली ८ मीटर रुंदीच्या बरोबर मैदानावर खेळल्या, पण आखणाऱ्यांनी निदान रेषा पुरुषांच्या अंतरावर, ३.७५ वर, मारली होती. आपल्या चढाईपटूला तीन मीटरचा अंदाज पाठ. ती सवयीने पाय टाकून परतली आणि निदान रेषा ओलांडली नाही म्हणून बाद झाली. असं दोनदा झालं. मध्यंतरात मी टेप लावला तेव्हा कारण कळलं, पण गुण परत मिळाले नाहीत. चूक माझीही होती. सामन्याआधी मैदान मोजायला हवं होतं. तेव्हापासून टेप माझ्या पिशवीत असतो, आणि यंदा प्रत्येक संघनायकाच्या पिशवीतही असेल.

मैदान आखताना

लागणारं सामान : तीस मीटरचा टेप, सुतळी, सहा खुंट्या, हातोडी, फक्की. कळीचा चुना आणू नका. घाम आलेल्या अंगाला आणि डोळ्याला तो भाजतो, आणि पकडीत तोंड मातीतच जातं.

आधी एक लांब बाजू ताणा. मुलग्यांच्या मैदानाला १३ मीटर. दोन्ही टोकांना काटकोन काढा. सुतळीवर कोपऱ्यापासून ३ मीटरवर खूण, दुसऱ्या बाजूला ४ मीटरवर खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ मीटर आलं की काटकोन झाला. चारही खुंट्या ठोकल्यावर कर्ण मोजा. १३ × १० ला दोन्ही कर्ण १६.४० मीटर यायला हवेत, १२ × ८ ला १४.४२. एक कर्ण सोळा-तीस आणि दुसरा सोळा-पन्नास आला तर मैदान तिरकं झालंय. खुंटी सरकवा, फक्की सरकवू नका.

मग मध्यरेषा. निदान आणि बोनस रेषा नेहमी मध्यरेषेपासून मोजा, अंतिम रेषेपासून नाही. नाहीतर खुंटीची चूक आतल्या रेषांत शिरते. या दोन्ही रेषा लॉबीच्या रेषेपाशी थांबतात, बाहेरच्या कडेपर्यंत नेऊ नका.

पावसाळ्यात आपण हॉलमध्ये मॅटवर जाऊ. तिथले तुकडे एक मीटर चौरसाचे आहेत. मुलींचं मैदान ९६ तुकड्यांत बसतं आणि त्यांच्या सगळ्या रेषा तुकड्यांच्या सांध्यावर येतात, आखायला एकदम सोपं. मुलग्यांच्या १३० तुकड्यांत लॉबीची रेषा सांध्यावर येते, पण मध्यरेषा तुकड्याच्या बरोबर मधून जाते, निदान आणि बोनस पाऊण मीटरच्या हिशोबाने मधेच कुठेतरी. तिथे सांधा बघून पाय टाकलात तर फसाल.

प्रत्येक रेषा काय मागते

मध्यरेषा : "कबड्डी"चा उच्चार ही रेषा ओलांडायच्या आधी सुरू झाला पाहिजे. पलीकडे पाय टाकून मग दम धरलात तर उशीर झाला. चढाईला ३० सेकंद मिळतात.

निदान रेषा : चढाईत कोणालाही स्पर्श झाला नाही, तर ही रेषा एकदा तरी ओलांडूनच परत यायचं. ओलांडणं म्हणजे काय, इथे निम्मे जण चुकतात. एक पाय रेषेच्या पूर्ण पलीकडे आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत. मागच्या पायाचा अंगठा मातीला चिकटलेला असेल तर तुम्ही ओलांडलेली नाही, पुढचा पाय कितीही लांब गेला तरी. सरावात मी तुमच्या मागे वाकून फक्त तो अंगठा बघत असतो.

बोनस रेषा : समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच हिला अर्थ आहे. पाच असतील तर ती विसरा. इथेही पाय पूर्ण पलीकडे, मागचा हवेत. एक गुण.

लॉबी : स्पर्श होईपर्यंत ही जमीन तुमची नाही. चढाईपटू असो की बचावपटू, स्पर्शाआधी तिथे पाय पडला की बाद. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की लॉबी मैदानात जमा होते आणि मैदान दोन्हीकडून एकेक मीटरने वाढतं. म्हणून कोपरारक्षकाने घोटा धरताना चढाईपटूला लॉबीकडे नाही, आत ओढायचं. लॉबीकडे ढकललंत तर त्याला पळायला तुम्हीच जागा दिलीत.

उभं राहायच्या जागा

सात जणांची ही मांडणी नियमातली नाही, माझ्या शिकवण्यातली आहे. दुसरे प्रशिक्षक वेगळी सांगतील, तीही चालते. पण एका संघाने एकच पाळावी.

१ आणि ७, दोन्ही कोपरे : बोनस रेषेच्या मागे एक पाऊल, लॉबीच्या रेषेपासून अर्धा मीटर आत. त्याहून बाहेर नको, नाहीतर पहिल्याच हुलकावणीला पाय लॉबीत जातो. चढाईपटूने बोनससाठी टाकलेला पाय तुमच्या हाताच्या टप्प्यात पडला पाहिजे, यावरूनच तुमची जागा ठरते.

२ आणि ६ : कोपऱ्यापासून सव्वा मीटर आत आणि थोडं मागे. कोपऱ्याचा हात यांच्या हातात. कोपरा घोट्याला गेला की यांनी कंबरेला जायचं, त्याच श्वासात.

३ आणि ५, मध्यरक्षक : अंतिम रेषेपासून अर्ध्या मीटरवर. चढाईपटू परत फिरला की त्याची वाट अडवणं हे यांचं काम, म्हणून वजन टाचांवर कधीच नको.

४, मधला : मागे रेषा आहे हे याने पोटरीने ओळखायचं. मागे वळून बघितलंस की गेलास.

चढाईपटू सरकला की साखळी सरकते. तो आपल्या डाव्या कोपऱ्याकडे आला तर १ मागे जातो आणि ७ पुढे येतो, मधले सगळे त्या दिशेला एकेक पाऊल. गडी कमी झाले की आधी ४ ची जागा रिकामी ठेवा, मग २ आणि ६ ची. कोपरे शेवटपर्यंत भरलेले हवेत. तीन किंवा कमी जण उरले आणि पकड झाली तर ती अव्वल पकड, एक गुण जास्त. त्यामुळे तिघंच उरलेत म्हणून मान खाली घालायची नाही.

आपली चढाई चालू असताना बाकीचे सहा जण मध्यरेषेपासून मागेच थांबा. आपला गडी हात लांबवून परत येतोय म्हणून रेषेवर धावत जाऊन त्याला ओढायची सवय गल्लीतली आहे, ती गल्लीतच राहू द्या.

मंगळवारपर्यंतचा गृहपाठ

घराच्या गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात खडूने एक रेषा काढा. तिच्यापासून मागे तुमच्या गटाचं निदान रेषेचं अंतर मोजा, मुलग्यांनी ३.७५, मुलींनी ३ मीटर. तिथून डोळे मिटून चालत या आणि रेषा ओलांडली असं वाटलं की थांबून डोळे उघडा. रोज वीस वेळा. किती वेळा पाय रेषेवर पडला, किती वेळा अलीकडे, ते या पानाच्या मागे लिहा. खोटे आकडे लिहू नका, मंगळवारी सकाळी मैदानावर मी प्रत्येकाकडून पाच वेळा करून घेणार आहे.

चपला नकोत, अनवाणी करा. फरशी दुपारी तापते, म्हणून सकाळी सातच्या आत उरका.

संघनायकांनी सोमवारी संध्याकाळी साडेपाचला तलावामागच्या मैदानावर यायचं. पाणी मारून झालं की फक्की टाकायची आहे. कर्ण तुम्ही मोजणार, मी फक्त टेपचं दुसरं टोक धरीन.