विषय : उद्याची (गुरुवार, ९ एप्रिल) बेदाणा पुरवठ्याची बैठक पुढे नेण्याची विनंती व दोन निश्चित पर्यायी वेळा

मुक्काम नागज, ता. कवठेमहांकाळ, जि. सांगली
बुधवार, ८ एप्रिल २०२६, दुपारी १२.४०

प्रति,
श्रीमती गोखले,
खरेदी विभागप्रमुख, पुणे

स. न. वि. वि.

बेदाण्याच्या वार्षिक पुरवठ्यासंबंधी उद्या, गुरुवारी सकाळी ११ वाजता आपल्या पुणे कार्यालयात ठरलेल्या बैठकीला मी येऊ शकत नाही. पुरता एक दिवसही हाताशी नसताना हे कळवण्याची वेळ माझ्यावर आली, याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. ही बैठक सोमवार, १३ एप्रिल रोजी सकाळी ११.३० वाजता किंवा बुधवार, १५ एप्रिल रोजी दुपारी ३ वाजता आपल्याच कार्यालयात घ्यावी, अशी माझी विनंती आहे. दोन्ही वेळा मी आपल्यासाठी राखून ठेवल्या असून त्यांपैकी आपण सांगाल त्या वेळेला मी हजर राहीन.

सकाळी सव्वादहाच्या सुमारास मी आपल्या कार्यालयात दूरध्वनी केला होता. आपण दुसऱ्या बैठकीत असल्याचे समजल्यामुळे निरोप ठेवला; पण तोंडी निरोप दोन टेबले ओलांडेपर्यंत ‘माने उद्या येत नाहीत’ एवढाच शिल्लक राहतो, म्हणून कारण आणि पुढची व्यवस्था सविस्तर लिहीत आहे.

काल सायंकाळी सहाच्या पुढे नागज परिसरात वळवाचा जोरदार पाऊस झाला. पावसापेक्षा त्याच्या आधी सुटलेल्या वाऱ्याने जास्त नुकसान केले. आमच्या शेडवर सध्या चार रॅकवर मिळून सुमारे ४० टन द्राक्षे वाळत आहेत. त्यांपैकी पश्चिमेकडच्या दोन रॅकवरील ताडपत्री दोऱ्यांसह उचकटली गेली आणि वरचे तीन-चार थर भिजले. माल टाकून नववा दिवस आहे. म्हणजे मणी सुरकुतला आहे, पण बेदाणा झालेला नाही, आणि पाणी लागण्यासाठी याच्याइतकी वाईट अवस्था दुसरी नाही. ताज्या द्राक्षावर पाऊस पडला तर वाऱ्याने ते सावरते, पूर्ण वाळलेला माल असेल तर भराभर उतरवून घेता येतो. अर्धा वाळलेला मणी मात्र पाणी शोषतो, एकमेकांना चिकटतो आणि दोन दिवसांत हवा मिळाली नाही तर काळा पडतो किंवा त्याला बुरशी धरते. आज सकाळी मी वरच्या थरातला माल हातात घेतला, तेव्हा मूठ उघडल्यावरही मणी सुटे होत नव्हते.

त्यामुळे रात्रीपासून आम्ही दोघे भाऊ आणि शेडवरची माणसे याच कामात आहोत. भिजलेले थर वेगळे करणे, जाळीवरचा माल हाताने मोकळा करणे, ब्लोअर लावून हवा खेळती ठेवणे आणि जो मणी हातातून गेला आहे तो निवडून बाहेर काढणे, म्हणजे शेजारच्या चांगल्या मालाला तो बाधणार नाही, असे हे काम आहे. ते आणखी तीन दिवस तरी चालेल. भावाला शेडवर ठेवून मी पहाटे निघावे, असाही विचार केला. परंतु ढगाळ हवा अजून हटलेली नाही आणि आज दुपारनंतर पुन्हा पाऊस आला तर एका बाजूचे रॅक झाकून दुसऱ्या बाजूचे उघडे ठेवण्याचे निर्णय जागेवर, मिनिटामिनिटाला घ्यावे लागतात. दोन टोकांना दोन जाणती माणसे नसतील तर ते जमत नाही.

याहून महत्त्वाचे एक कारण आहे, आणि ते आपल्यापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. आपल्याशी बोलणे झाले आहे ते वर्षाला २४ टनांचे, दरमहा २ टन याप्रमाणे. त्यांपैकी १६ टन माल हंगामाच्या पहिल्या तोडणीचा असून तो निवडणी व प्रतवारी होऊन मिरजेच्या शीतगृहात १५ किलोच्या पेट्यांमध्ये ठेवलेला आहे. त्याला या पावसाचा काडीचाही संबंध नाही. उरलेले ८ टन मात्र सध्या रॅकवर असलेल्या मालातूनच यायचे आहेत. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, या हिशेबाने ४० टनांतून १० टन मिळून आपली गरज भागवून थोडा माल शिल्लक राहिला असता. आता भिजलेल्या दोन रॅकमधून आपल्या प्रतीचा किती माल निघेल, हे रविवार सायंकाळपूर्वी मला सांगता येणार नाही. उद्या आपल्यासमोर बसून २४ टनांवर सही केली असती, तर त्यातल्या आठ टनांबद्दल मी अंदाजाने बोललो असतो. आणि वर्षभराच्या व्यवहाराची सुरुवात अंदाजाने व्हावी, हे आपल्यालाही रुचले नसते.

आपली झालेली गैरसोय मला ठाऊक आहे. या बैठकीसाठी आपले उत्पादन व्यवस्थापक श्री. शेख शिरवळच्या कारखान्यातून मुद्दाम पुण्याला येणार होते आणि दुपारी आमच्या नमुन्यांतून फ्रूट ब्रेडचा एक घाणा करून पाहण्याचे आपण ठरवले होते. त्यासाठी भट्टीची वेळही राखलेली असणार. निदान तो भाग वाया जाऊ नये म्हणून चारही नमुने, प्रत्येकी २ किलो, आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मिरजेहून पाठवत आहे. उद्या सकाळी साडेआठपर्यंत ते स्वारगेटला उतरतील आणि तेथून आमचे पुण्यातील भाचे श्री. विक्रम ते साडेनऊपर्यंत आपल्या कार्यालयात आणून देतील. प्रत्येक पाकिटावर प्रत, मण्याचा आकार आणि तपासणीतले ओलाव्याचे प्रमाण लिहिलेले आहे. प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत पार्सलमध्ये आहे. श्री. शेख यांनी ठरल्याप्रमाणे घाणा करून पाहावा. आमच्या अनुपस्थितीत चाचणी झाली तर निकाल अधिक मोकळेपणाने सांगता येईल, असेही मला वाटते.

बैठक व्हिडिओ कॉलवर उरकावी, असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. दर आणि वेळापत्रक तसे बोलता येईलही; परंतु १० किलोची पेटी की १५ किलोची, देठ किती टक्क्यांपर्यंत चालतील, हिरवट झाक आपल्याला चालते की पिवळाच रंग हवा, हे प्रश्न माल मध्ये ठेवूनच सुटतात. शिवाय येथे शेडवर नेटवर्कची अवस्था अशी आहे की अर्ध्या वाक्यात मी गप्प झालो तर ते दर सांगायला कचरल्यासारखे दिसेल.

आता पर्यायांविषयी. सोमवार, १३ एप्रिल, सकाळी ११.३०, हा माझ्या दृष्टीने पहिला पर्याय आहे. रविवारी सायंकाळी रॅकची अवस्था स्पष्ट झालेली असेल, आणि त्या ८ टनांपैकी किती मी लेखी देऊ शकतो याचा नेमका आकडा घेऊनच मी पहाटे पाचला निघेन. रस्त्यातला खोळंबा धरूनही साडेअकराची वेळ मी पाळू शकतो. पूर्वीप्रमाणे ११ ची वेळ देऊन दहा मिनिटे उशिरा येण्यापेक्षा हे बरे.

बुधवार, १५ एप्रिल, दुपारी ३, या दुसऱ्या पर्यायात आपल्याला दोन दिवस थांबावे लागेल, पण त्याचा एक फायदा आहे. भिजण्यातून वाचलेल्या रॅकवरचा पहिला माल त्या वेळी उतरवलेला असेल आणि त्याचा नमुना मी सोबत आणू शकेन. तसेच पॅकिंग आणि पाठवणी पाहणारे माझे थोरले बंधूही त्या दिवशी येऊ शकतील. पेट्यांच्या आकाराचा आणि शिरवळला माल उतरवण्याच्या वेळांचा प्रश्न त्यांच्या उपस्थितीत एका बैठकीत मिटेल. मधला मंगळवार, १४ एप्रिल, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या सुट्टीचा असल्याने सुचवलेला नाही, आणि येता शनिवार दुसरा शनिवार असल्याने आपले कार्यालय बंद असेल.

दोन्ही वेळा शुक्रवार, १० एप्रिल सायंकाळी ६ वाजेपर्यंत मी इतर कोणालाही देणार नाही. तोपर्यंत आपण या पत्राला एका ओळीचे उत्तर दिले तरी पुरे; श्री. शेख यांची सोय ज्या दिवशी असेल तो दिवस माझ्यासाठी ठरलेला समजावा. या दोन्हींपैकी एकही वेळ आपल्याला जमण्यासारखी नसेल, तर १६ एप्रिलनंतरचा आपल्या सोयीचा दिवस सांगावा, मी त्याप्रमाणे येईन.

बैठक पुढे गेल्याचा भुर्दंड आपल्यावर पडू नये, हे पाहणे माझे काम आहे. २७ मार्चच्या दरपत्रकाची मुदत १० एप्रिलला संपते. ती मी या पत्राद्वारे सोमवार, २० एप्रिलपर्यंत वाढवत आहे. कालच्या पावसाची बातमी बाजारात पोचली की तासगावच्या सौद्यात दर हलण्याची शक्यता आहे, हे आपल्याही लक्षात आले असेल. दर वर गेले तरी शीतगृहातील १६ टनांसाठी आमचा दर तोच राहील. उरलेल्या ८ टनांचा दरही मी बदलणार नाही. तेथे प्रश्न केवळ किती माल देता येईल एवढाच आहे. त्याचप्रमाणे मे महिन्याचा पहिला २ टनांचा हप्ता आपल्याला ४ मेपर्यंत शिरवळला हवा होता. बैठक १५ तारखेला झाली तरी ती तारीख चुकणार नाही, कारण तो माल पेटीबंद होऊन तयार आहे आणि आपली खरेदी ऑर्डर आल्यावर चार दिवसांत गाडी भरता येते.

आपण पहिल्याच बैठकीसाठी एवढी तयारी केली आणि आमच्याकडूनच ती मोडली, याची मला खंत आहे. परिस्थिती समजून घ्यावी आणि सोयीची वेळ कळवावी, ही विनंती. दिवसभर मी शेडवरच आहे; दूरध्वनी लागला नाही तर कृपया संदेश ठेवावा, अर्ध्या तासाच्या आत मी उलट दूरध्वनी करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
संभाजी माने
भागीदार, बेदाणा प्रक्रिया व पुरवठा, मिरज

प्रत माहितीसाठी : श्री. शेख, उत्पादन व्यवस्थापक, शिरवळ

ता. क. : नमुन्यांच्या पार्सलची पावती रात्री गाडी सुटताच आपल्याला व श्री. शेख यांना पाठवीन. चौथ्या क्रमांकाचे पाकीट बारीक मण्याचे आहे. ते ब्रेडपेक्षा चिवड्यासाठी जास्त योग्य असल्याने घाण्यासाठी पहिली तीन पाकिटेच वापरावीत.