आजीला वाढदिवसाचा मेसेज

आजी गं,

वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! आज तुला 76 पूर्ण झाली, पण फोनवर हसतेस तेव्हा अजिबात वाटत नाही.

हा मेसेज मी आधी इंग्रजीत लिहिला होता. चारच ओळी होत्या. मग वाटलं, तू चष्मा शोधणार, बाबांना वाचायला बसवणार, आणि ते नेहमीसारखं अर्धंच सांगणार. म्हणून मीच मराठीत लिहितेय. चुका झाल्या तर हस, पण रागावू नकोस.

मला तुझी फार आठवण येते. झोप येत नसली की तू डोक्यावरून हात फिरवायचीस, तो हात अजून आठवतो. तुझ्या गोष्टीसुद्धा आठवतात. मधेच विसरून तू दरवेळी नवाच शेवट करायचीस, आणि मला तोच खरा वाटायचा!

इंग्रजीत शेवटी ‘लव्ह यू’ लिहिलं होतं. त्याला मराठीत काय म्हणायचं, हे बाबांना विचारलं. ते म्हणाले, “आपल्याकडे असं कोणी म्हणत नाही, जेवलीस का म्हणून विचारतात.” तर आजी, जेवलीस का? औषधं वेळेवर घेतेस ना?

आणि तरी सांगतेच, तू मला खूप खूप आवडतेस. सगळ्यांपेक्षा जास्त. आईला सांगू नकोस.

रविवारी व्हिडिओ कॉल करते. या वेळी फोन कानाला लावू नकोस, तोंड दाखव!

तुला घट्ट मिठी आणि एक गोड पापा.

तुझीच,
पिल्लू