पैठण रस्त्यावरील कॅफे: मूडबोर्डसाठी प्रॉम्प्ट

सर्व चित्रांना लागू: छत्रपती संभाजीनगरातील जुन्या वाड्याच्या ढाळजेत उभारलेला, चाळीस जण बसतील एवढा कॅफे. खरे वाटावे असे छायाचित्र, डोळ्यांच्या उंचीवरून, आडवी चौकट ३:२. माणसे नकोत, पण नुकतेच कुणी उठून गेल्याच्या खुणा हव्यात.

१. फर्निचर
काळ्या बसाल्टच्या जोत्याला लागून बांधलेली लांब बैठक, तिच्यावर हिमरूच्या वेलबुट्टीची आठवण देणाऱ्या, परंतु रंगाने विटकरी असलेल्या सुती गाद्या. समोर जुन्या सागवानी तुळयांतून कापलेली मेजे, ज्यांच्यावरील खिळ्यांची भोके बुजवलेली नाहीत आणि ज्यांच्या कडा हाताच्या वावराने गुळगुळीत झाल्या आहेत. खुर्च्या हलक्या, वेताच्या विणीच्या. एका खुर्चीची वीण किंचित सैल. सिंहासनी कोरीवकाम आणि चकचकीत पॉलिश टाळावे. ते मंगल कार्यालयात शोभते.

२. प्रकाश
एप्रिलमधली सकाळ, साधारण साडेनऊ. छतातल्या झरोक्यातून उतरलेला उन्हाचा एकच कवडसा फरशीवरून सरकत मेजाच्या कोपऱ्यावर आला आहे. त्यात धूळ तरंगते आहे आणि स्टीलच्या पेल्यातील पाण्याचे थरथरते प्रतिबिंब भिंतीवर पडले आहे. उरलेली खोली थंड सावलीत असावी, कारण मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात माणूस आत येतो तो मुख्यतः सावलीसाठी, आणि ते सुख चित्रात दिसलेच पाहिजे. कोनाड्यांत २७०० केल्विनचे उबदार दिवे, स्रोत नजरेआड.

२अ. हीच चौकट, संध्याकाळी सात वाजता
कवडसा नाही. प्रत्येक मेजावर पितळी छत्रीचा एकच लोंबता दिवा, प्रकाशाचे वर्तुळ मेजापुरते. बाहेरच्या निळसर संधिप्रकाशाशी आतल्या पिवळ्या उजेडाचा विरोध स्पष्ट दिसावा.

३. रंगकथा
बसाल्टचा काळा आणि चुन्याचा मळकट पांढरा मिळून चित्राचा तीन चतुर्थांश भाग व्यापतील. सागाचा तपकिरी मधला सूर धरेल. पैठणीतून फक्त दोन रंग घ्यावेत: गर्द जांभळा केवळ मेनूच्या कापडी वेष्टनावर आणि जरीचा सोनेरी, तोही चकाकी उतरलेला, पितळी मुठींवर. मोराची नक्षी, भिंतीवर टांगलेली साडी, अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला नकोत. मागच्या फेरीत चित्रात चार मोर उतरले होते आणि कॅफेऐवजी साडीचे दुकान दिसू लागले होते.

४. जवळून
जांभळ्या वेष्टनाची दुमडलेली कड, हातमागाच्या पैठणीसारखी दोन्ही बाजूंनी एकसारखी विणलेली. शेजारी बसाल्टच्या खडबडीत पृष्ठावर कॉफीच्या कपाचे ओले, अर्धवट सुकलेले कडे. फोकस धाग्यांवर, मागचे सारे धूसर.